हातात एक लाख हवेत, तर पगार किती मागायचा?

भाचीचा फोन आला तेव्हा मी मार्चअखेरच्या धावपळीत होतो. २०२५ चा मार्च. पगारपत्रकं करण्यात माझी वीसएक वर्षं गेली आहेत, त्यामुळे नातेवाइकांतल्या कुणाचीही नोकरी बदलायची झाली की माझा फोन वाजतो. ‘मामा, नवीन कंपनीतल्या बाई विचारताहेत, तुमची अपेक्षा किती? मला महिन्याला एक लाख हातात हवेत. तर ग्रॉस किती सांगू?’

मी विचारलं, ‘तू किती धरलेस?’

‘पीएफ सहा टक्के जातो म्हणाल्या. मग एक लाख सहा हजार. आणि वर्षाचे बारा लाख पंचाहत्तर हजार होईपर्यंत टॅक्स नाही, असं सगळेच म्हणतात.’

दोन वाक्यांत दोन चुका होत्या. पहिली किरकोळ, दुसरी महागात पडणारी.

किरकोळ चूक आधी. कपात होते ती ग्रॉसवर, हातात येणाऱ्या रकमेवर नाही. एक लाख सहा हजारांचे सहा टक्के म्हणजे ६,३६० रुपये. ते गेले की उरतात ९९,६४०. हातात १०० यायचे असतील आणि वाटेत सहा टक्के गळत असतील, तर १०० ला ०.९४ ने भागायचं, १.०६ ने गुणायचं नाही. दुकानदाराला हे सांगावं लागत नाही. नोकरदार मात्र हमखास इथे घसरतो, कारण त्याला रोज सुलटाच हिशोब दिसतो. पगाराच्या स्लिपवर वर ग्रॉस, मध्ये कपाती, खाली निव्वळ. आपल्याला खालून वर चढायचं असतं.

चढताना सोबत तीन कपाती असतात. व्यवसाय कर ही त्यातली सर्वांत साधी. महाराष्ट्रात या पगाराला महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. बायकांना पंचवीस हजारांपर्यंत तो माफ आहे, पण भाची त्याच्या बरीच वर होती. दुसरी कपात भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे पीएफची. ती मूळ पगाराच्या १२ टक्के असते. तिसरा आयकर.

कर आणि पीएफ एकमेकांत गुंतलेत की काय, अशी शंका येते. जुन्या करपद्धतीत ते गुंतलेलेच असतात. तिथे पीएफची रक्कम दीड लाखांच्या मर्यादेत करपात्र उत्पन्नातून वजा होते, म्हणजे पीएफ वाढला की कर कमी होतो. नव्या करपद्धतीत, आणि काही कळवलं नाही तर सध्या तीच लागू होते, कर्मचाऱ्याच्या पीएफची वजावट मिळत नाही. तिथे कर फक्त ग्रॉसवर ठरतो आणि पीएफ फक्त मूळ पगारावर. दोघांचं एकमेकांशी देणंघेणं नाही. उलटा हिशोब करणाऱ्याच्या दृष्टीने ही सोयच आहे. भाची नव्या पद्धतीतच राहणार होती, म्हणून पुढचं सगळं त्या पद्धतीचं आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या दरांचं.

कर लागत नाही इतका पगार असेल तर काम दोन मिनिटांचं आहे. समजा कुणाला हातात साठ हजार हवेत आणि कंपनी मूळ पगार ग्रॉसच्या निम्मा ठेवते. निम्म्याचे १२ टक्के म्हणजे ग्रॉसचे सहा टक्के. वर्षाचे ७,२०,००० अधिक व्यवसाय कराचे २,५०० म्हणजे ७,२२,५००. भागिले ०.९४. उत्तर ७,६८,६१७, महिन्याला साधारण ६४,०५१ रुपये. उलट तपासायचं असेल तर त्यातून ३,८४३ पीएफ आणि सरासरी २०८ व्यवसाय कर वजा करा, बरोबर साठ हजार उरतात. इथे कुणाला माझी गरज नसते.

भाचीने मागितलेला आकडा मात्र नेमका अशा जागी होता, जिथे ही सरळ पायवाट तुटते.

तोच भागाकार एक लाखासाठी करू. वर्षाचे बारा लाख, अधिक २,५००, भागिले ०.९४, म्हणजे १२,७९,२५५. आता करमाफीची मर्यादा पाहू. चार लाखांपर्यंत कर नाही, पुढच्या चार लाखांवर ५ टक्के म्हणजे वीस हजार, त्यापुढच्या चार लाखांवर १० टक्के म्हणजे चाळीस हजार. अशा रीतीने बारा लाखांवर साठ हजार कर होतो, आणि करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर सरकार तेवढे साठ हजार रिबेट म्हणून सोडून देतं. पगारदाराला वर पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट असते. म्हणून ‘पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स नाही’ हे खरं आहे. पण भाचीचा आकडा त्या रेषेच्या ४,२५५ रुपये पलीकडे पडत होता.

‘मग चार हजारांवरच टॅक्स ना? जाऊ दे,’ ती म्हणाली.

रिबेट ही सवलत वाढत्या पायऱ्यांसारखी नाही. ती दारासारखी आहे, आत असाल तर आत, नाहीतर बाहेर. एक रुपया जास्त झाला तर पूर्ण साठ हजार बोकांडी बसायचे, म्हणून कायद्यात सीमांत सवलत ठेवली आहे. बारा लाखांपेक्षा जेवढं जास्त उत्पन्न असेल, कर त्याहून जास्त लावायचा नाही. ऐकायला दयाळू वाटतं. पण याचा अर्थ असा की त्या टप्प्यात वाढलेला प्रत्येक रुपया पूर्णपणे करात जातो, आणि त्या करावर चार टक्के उपकर वेगळा. शंभर रुपये वाढले तर १०४ जातात. शिवाय मूळ पगार वाढला म्हणून पीएफचे सहा रुपये. पगार शंभरने वाढतो आणि हातातले दहा रुपये कमी होतात.

मी हे सांगितल्यावर फोनवर काही क्षण शांतता. मग, ‘पण मामा, त्यांनी तर आज सकाळीच आकडा वाढवून दिलाय. आधी बारा पंच्याहत्तर म्हणाल्या होत्या, मी घासाघीस केली तर तेरा दहा म्हणाल्या.’

मी कॅल्क्युलेटर ओढला. बारा लाख पंचाहत्तर हजारांवर कर शून्य, पीएफ ७६,५००, व्यवसाय कर २,५००. हातात वर्षाला ११,९६,०००, म्हणजे महिन्याला सरासरी ९९,६६७. तेरा लाख दहा हजारांवर करपात्र उत्पन्न १२,३५,०००. मर्यादेपेक्षा पस्तीस हजार जास्त, म्हणून कर पस्तीस हजार आणि उपकरासह ३६,४००. पीएफ ७८,६००. व्यवसाय कर तोच. हातात ११,९२,५००, महिन्याला ९९,३७५. पोरीने घासाघीस करून पस्तीस हजारांची वाढ मिळवली होती आणि हातातले साडेतीन हजार घालवले होते. पीएफमध्ये २,१०० जास्त पडले असते, एवढंच समाधान.

हा खड्डा किती रुंद आहे ते काढता येतं. जादा उत्पन्नाइतका कर आणि नेहमीच्या दराने होणारा कर जिथे सारखे होतात तिथे सीमांत सवलत संपते. बारा लाखांपुढे दर १५ टक्के आहे, म्हणजे साठ हजार भागिले ०.८५, साधारण ७०,५८८. ग्रॉस १३,४५,५८८ असताना माणूस खड्ड्याच्या तळाशी असतो. भाचीच्या अटींवर तिथे हातात महिन्याला ९९,०७८ रुपयेच येतात. तिथून चढ सुरू होतो, पण पावणेतेरा लाखांवर जेवढे हातात येत होते तेवढे परत यायला ग्रॉस १३,५४,५९२ व्हावा लागतो. मधले जवळजवळ ऐंशी हजार म्हणजे कुणी मागू नयेत असे पगार. माझ्या पाहण्यात दरवर्षीच्या पगारवाढीच्या पत्रांत चारदोन आकडे अगदी तिथेच जाऊन बसतात, आणि वाढ देणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो.

मग एक लाख हातात यायला खड्ड्यापलीकडे कुठे उभं राहायचं? इथे सूत्रापेक्षा मला अंदाज आणि दुरुस्तीची पद्धत आवडते, कारण ती कुठल्याही पगाराला चालते. खड्ड्याच्या नक्की पलीकडचा आकडा घ्यायचा, समजा साडेतेरा लाख. करपात्र १२,७५,०००. कर साठ हजार अधिक पंचाहत्तर हजारांचे १५ टक्के, म्हणजे ७१,२५०, उपकरासह ७४,१००. पीएफ ८१,०००. व्यवसाय कर २,५००. हातात ११,९२,४००. आपल्याला बारा लाख हवे होते, ७,६०० कमी पडले. आता या टप्प्यात ग्रॉस शंभरने वाढला तर हातात किती येतात ते पाहायचं. सहा पीएफला, पंधरा रुपये साठ पैसे कर आणि उपकराला, उरले ७८.४०. म्हणून ७,६०० ला ०.७८४ ने भागायचं, ९,६९४ आले. ते साडेतेरा लाखांत मिळवले की १३,५९,६९४. महिन्याला १,१३,३०८ रुपये. पुन्हा सुलटा हिशोब करून पाहा: कर ७५,६१२, पीएफ ८१,५८२, व्यवसाय कर २,५००, हातात बरोबर बारा लाख. नेम पहिल्याच दुरुस्तीत लागला, कारण अंदाज आणि उत्तर एकाच टप्प्यात होते. मध्ये टप्पा बदलला तर नव्या दराने एकदा पुन्हा करावं लागतं.

एक्सेलवर करायचं असेल तर B1 मध्ये वार्षिक ग्रॉस टाकून दुसऱ्या कप्प्यात हे लिहा. हे फक्त १६,७५,००० पर्यंतच्या ग्रॉसला आणि निम्म्या मूळ पगाराला लागू आहे.

```
=B1*0.94-2500-IF(B1<=1275000,0,
 1.04*MIN(B1-1275000,60000+0.15*(B1-1275000)))
```

मग Goal Seek ला सांगायचं की हा कप्पा 1200000 झाला पाहिजे, B1 बदल. पण सुरुवातीला B1 मध्ये तेरा लाख भरून ठेवले तर तुम्ही खड्ड्याच्या उतारावर असता. तिथे पगार वाढवला की निव्वळ कमी होतो, त्यामुळे यंत्राला कुठल्या दिशेला जावं ते कळत नाही. चौदा लाखांपासून सुरुवात करायची.

भाचीला मी दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाठवले. १२,७५,००० ला हातात ९९,६६७, आणि १३,५९,६९४ ला एक लाख. महिन्याला ३३३ रुपये जास्त हातात यावेत म्हणून कंपनीने महिन्याला ७,०५८ जास्त मोजायचे. वर्षाच्या त्या ८४,६९४ पैकी ७५,६१२ कर, ५,०८२ तिचा पीएफ, चार हजार तिच्या हातात.

आणि कंपनी मोजते ती रक्कम ग्रॉसवर थांबत नाही. तेवढाच १२ टक्के पीएफ कंपनीने भरायचा असतो, आणि बहुतेक कंपन्या तो, शिवाय ग्रॅच्युइटीपोटी मूळ पगाराचे ४.८१ टक्के, ‘सीटीसी’त धरूनच सांगतात. हे ४.८१ काही हवेतून आलेले नाहीत. वर्षाच्या नोकरीमागे सव्वीस दिवसांच्या महिन्यातले पंधरा दिवस, त्याला बाराने भागलं की तेवढे येतात. १३,५९,६९४ च्या ग्रॉसला कंपनीचा पीएफ ८१,५८२ आणि ग्रॅच्युइटी ३२,७०१ मिळवली की सीटीसी होते १४,७३,९७७. म्हणजे ऑफर लेटरवर पावणेपंधरा लाख छापलेले असताना हातात बारा लाख. त्यात कामगिरीचा बोनसही सीटीसीत घातलेला असेल तर महिन्याचा आकडा आणखी खाली. म्हणून कुणी ‘पॅकेज’ सांगितलं की मी आधी विचारतो, ग्रॉस किती आणि त्यातला दरमहा किती.

दुसरा प्रश्न विचारतो तो मूळ पगाराचा. करापेक्षा जास्त फरक इथे पडतो, आणि भाचीच्या बाबतीत तो सगळ्यात मोठा होता. तिची कंपनी मूळ पगार निम्मा ठेवते. तोच ४० टक्के असता तर पीएफ ग्रॉसच्या ४.८ टक्के झाला असता. १२,०२,५०० भागिले ०.९५२, म्हणजे १२,६३,१३०. पावणेतेराच्या आत, कर शून्य, हातात एक लाख. मूळ पगारातल्या दहा टक्क्यांच्या फरकाने लागणारा ग्रॉस शहाण्णव हजारांनी बदलतो. सीमारेषा ४७ टक्क्यांच्या जरा पुढे आहे. तिच्या अलीकडे एक लाख करमुक्त मिळतात, पलीकडे खड्डा ओलांडावा लागतो. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि वेतनाच्या व्याख्येबाहेरचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त धरता येणार नाहीत असं ठरलं. त्यामुळे मूळ पगार तीस-चाळीस टक्के ठेवण्याची जुनी रीत आता आवरती घ्यावी लागते आहे.

पीएफची सक्तीची मर्यादा मात्र पंधरा हजारांच्या वेतनाची आहे. तेवढ्याचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये. काही कंपन्या मूळ पगार कितीही असला तरी १,८०० च कापतात, काही पूर्ण मूळ पगारावर. कुठला पर्याय मिळेल ते कंपनीच्या धोरणावर असतं. १,८०० वाली कंपनी असेल तर एक लाखासाठी वर्षाला १२,२४,१०० चा ग्रॉस पुरे, महिन्याला १,०२,००८. निम्म्या मूळ पगारावर पूर्ण पीएफ असताना लागणाऱ्या आकड्यापेक्षा महिन्याला ११,३०० नी कमी. कागदावर हे फार सुरेख दिसतं, पण त्यात पीएफमध्ये साठणारे महिन्याचे पाच हजार जातात आणि कंपनीच्या बाजूचेही तेवढेच जातात, हे बघून मग ठरवायचं. माझं मत विचाराल तर पंचविशीतल्या माणसाने हातातले थोडे कमी घेऊन पीएफ पूर्ण ठेवावा. भाचीला हे पटत नाही. तिला पुण्यात फ्लॅटचं भाडं भरायचं आहे.

खड्ड्यात अडकलेल्यांसाठी एक खरी वाट आहे ती एनपीएसची. कंपनीने आपल्या नावे एनपीएसमध्ये भरलेली रक्कम मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत नव्या करपद्धतीतही उत्पन्नातून वजा होते. आमच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचा ग्रॉस १२,६०,००० होता आणि दिवाळीत साठ हजार बोनस आला. एकूण १३,२०,०००, मर्यादेपेक्षा ४५,००० जास्त, कर उपकरासह ४६,८००. साठ हजारांतले हातात पडले १३,२००. त्याने पगारपत्रक करणाऱ्यावर, म्हणजे माझ्यावर, आवाज चढवला. पुढच्या वर्षी त्याने बोनसमधले ४५,००० कंपनीमार्फत एनपीएसमध्ये वळवले. कर शून्य. हातात १५,०००, आधीपेक्षा १,८०० जास्त, आणि वर पंचेचाळीस हजार त्याच्या नावावर. ते पैसे बहुतांशी साठीपर्यंत अडकलेले राहतात, हा त्यातला काच. पण नाहीतर ते करात गेलेच असते. यासाठी कंपनीने एनपीएसची सोय ठेवलेली असावी लागते. स्वतःच्या खिशातून भरलेल्या रकमेला नव्या पद्धतीत ही वजावट नाही.

अजून एका गोष्टीने उलटा हिशोब बिघडतो, ती म्हणजे वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणं. कर वर्षाचा असतो, पगार महिन्याचा. समजा कुणी १,१३,३०८ वर ऑक्टोबरमध्ये रुजू झालं आणि आधीच्या नोकरीचा पगार नव्या कंपनीला कळवलाच नाही. नवी कंपनी सहा महिन्यांचे ६,७९,८४८ धरते आणि त्यावर कर निघत नाही. स्लिपवर हातात एक लाख सहा हजार दिसतात. माणूस खूश. एप्रिलपासून तेच एक लाखावर येतात, ‘पगार कमी केला’ म्हणून आमच्याकडे तक्रार येते, आणि जुलैत विवरणपत्र भरताना दोन्ही पगार एकत्र झाले की राहिलेला कर व्याजासकट भरावा लागतो. आधीच्या पगाराचा तपशील रुजू होतानाच दिला तर हे टळतं.

भाची एप्रिलमध्येच रुजू होणार होती, तेवढं बरं. तिने तेरा दहाचा आकडा परत केला. त्या बाई चक्रावल्या म्हणे, वाढवलेला पगार कमी करा असं म्हणणारी उमेदवार त्यांना पहिल्यांदाच भेटली. मग तिने समजावलं: एकूण तेरा दहाच ठेवा, पण पस्तीस हजार एनपीएसमध्ये भरा आणि मूळ पगार उरलेल्या पावणेतेरा लाखांच्या निम्मा धरा. कंपनीला खर्च जवळपास तोच, म्हणून मान्य झालं.

एप्रिलअखेर तिने पहिल्या स्लिपचा फोटो पाठवला. ग्रॉस १,०६,२५०. पीएफ ६,३७५. व्यवसाय कर २००. आयकर ०. हातात ९९,६७५. खाली लिहिलं होतं, ‘सव्वातीनशे कमी आहेत, मामा.’ मी उत्तर दिलं, फेब्रुवारीत आणखी शंभर कमी येतील, तेव्हा फोन करू नकोस.